स्वतःचा परिचय, स्वतःच्या तोंडून

व्यावसायिक माणसाचा छोटा परिचय बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेतून लिहिला जातो. व्याख्यानमालेचे संयोजक तो मागतात, दिवाळी अंकाचे संपादक लेखाखाली छापायला मागतात, महाविद्यालयाला पाहुण्यांची ओळख करून द्यायची असते. सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून वाचायचा हा मजकूर, म्हणून तो 'ते' किंवा 'त्या' वापरून लिहिलेला असतो. पुढे त्याच व्यक्तीची वेबसाइट तयार होते. 'माझ्याविषयी' नावाचं पान रिकामं असतं आणि हाताशी असलेला हाच परिचय तिथे चिकटवला जातो. मग कुणीतरी सुचवतं की वर 'माझ्याविषयी' आणि खाली 'त्यांनी शिक्षण घेतले' हे विचित्र दिसतं, सगळं 'मी'त करून टाक. काम पाच मिनिटांचं वाटतं आणि तिथेच फसगत होते.

नमुन्यादाखल एक परिचय घेऊ. बाई काल्पनिक आहेत, वाक्यं मात्र ओळखीची वाटतील.

'वास्तुविशारद अमुक अमुक या जुन्या वाड्यांच्या जतन क्षेत्रातील एक सुप्रसिद्ध नाव आहे. त्यांनी पुण्यातून वास्तुकलेची पदवी घेतली असून अहमदाबाद येथे जतनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आहे. २००९ साली त्या एका नामांकित संस्थेत रुजू झाल्या. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था स्थापन केली. आपल्या पंधरा वर्षांहून अधिक काळाच्या कारकिर्दीत त्यांनी सातारा, वाई व नाशिक परिसरातील चाळीसहून अधिक वास्तूंवर यशस्वीरीत्या काम केले आहे. चुन्याच्या गिलाव्यातील त्यांच्या योगदानाबद्दल त्यांना राज्यस्तरीय पुरस्काराने गौरविण्यात आले आहे. त्या विविध महाविद्यालयांत अतिथी प्राध्यापक म्हणून मार्गदर्शन करतात. त्यांना प्रवासाची व वाचनाची आवड आहे.'

आता यात नुसती सर्वनामं बदलून पाहा. पहिलंच वाक्य 'मी जतन क्षेत्रातील एक सुप्रसिद्ध नाव आहे' असं होतं. शेवटाकडे 'मला राज्यस्तरीय पुरस्काराने गौरविण्यात आले आहे' आणि 'मी मार्गदर्शन करते'. व्याकरणात चूक नाही, पण कुणी समोर बसून असं बोललं तर आपण खुर्ची मागे सरकवू. कारण उघड आहे. मूळ मजकुरात बोलणारा माणूस वेगळा होता. तो पाहुण्यांचं कौतुक करत होता आणि ते त्याचं कामच होतं. आता तोच व्यासपीठावरून उतरला आहे, पण त्याची वाक्यं तशीच मागे राहिली आहेत. परिचय 'मी'त आणायचा म्हणजे या सूत्रसंचालकाची प्रत्येक खूण शोधून ती पुसायची. काही खुणा व्याकरणात असतात, काही विशेषणांत, आणि सगळ्यात पक्क्या खुणा आकड्यांत दडलेल्या असतात.

व्याकरणापासून सुरुवात करू, कारण मराठीत इथे काही खास अडचणी आहेत. 'त्यांनी पदवी घेतली' याचं 'मी पदवी घेतली' होतं. क्रियापद हलत नाही, कारण ते 'पदवी'शी जुळलेलं असतं. 'त्यांना आवड आहे' याचं 'मला आवड आहे', इथेही क्रियापद जागच्या जागी. पण 'त्या रुजू झाल्या' याचं 'मी रुजू झाले' आणि 'त्या मार्गदर्शन करतात' याचं 'मी मार्गदर्शन करते' होतं. म्हणजे काही वाक्यांत एक शब्द बदलून भागतं, काहींत दोन बदलावे लागतात. संगणकावर 'शोधा आणि बदला' करणाऱ्यांची चूक नेमकी लांब वाक्यांत राहते: 'मी पुण्यातून पदवी घेतली असून सध्या विविध महाविद्यालयांत मार्गदर्शन करतात.' दुसऱ्या भागात सर्वनामच नव्हतं, त्यामुळे शोधात ते सापडलं नाही आणि आदरार्थी 'करतात' तसंच उरलं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे सर्वनामं न शोधता प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवत जायचं आणि ते कुणाचं आहे हे विचारायचं.

दुसरी अडचण 'आपल्या' या शब्दाची. 'आपल्या कारकिर्दीत त्यांनी' यात 'आपल्या' म्हणजे त्यांच्या स्वतःच्या, याबद्दल शंका येत नाही. वाक्य 'मी'त आलं की तोच शब्द डळमळतो. 'आपल्या वाड्याची पाहणी मी स्वतः करते' हे वाचणाऱ्याला 'तुमच्या वाड्याची' असं वाटेल, कुणाला 'आपल्या सगळ्यांच्या' असंही वाटेल. मराठीत आपण म्हणजे मी-तुम्ही मिळून, आपण म्हणजे आदराने तुम्ही, आणि आपण म्हणजे स्वतःही. त्यामुळे बदललेल्या परिचयात स्वतःसाठी 'आपला' ठेवूच नये. तिथे 'माझ्या' लिहावं, किंवा बहुतेक वेळा तो शब्द काढूनच टाकावा. 'माझ्या पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत' यातली 'कारकीर्द' तरी कुठे हवी आहे? स्वतःच्या कामाला कारकीर्द म्हणणं दुसऱ्याला शोभतं. त्याच हिशेबाने वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण' हेही आधी ठरवून घ्यावं. 'मी'बरोबर 'तुम्ही' सहज बसतो. 'आपण' घेतलात तर वरचा सगळा गोंधळ दारातून परत आत येतो.

तिसरी अडचण खुद्द 'मी'ची. मूळ परिचयात 'त्यांनी', 'त्या', 'त्यांना' ओळीने आले तरी कुणाला खटकत नाही. त्यांच्या जागी तितकेच 'मी' आले की मजकूर अहंकारी वाटायला लागतो. उपाय सगळ्यांना माहीत असतो: मराठीत कर्ता गाळता येतो, तर गाळा. पण कुठे गाळता येतो हे पाहायला हवं. 'आठवड्यातून एक दिवस महाविद्यालयात शिकवते' हे 'मी'शिवाय चालतं. खरं तर 'शिकवते' हे 'ती'चंही रूप आहे, पण व्यावसायिक बाईंविषयी कुणी एकवचनात लिहीत नाही, 'शिकवतात' लिहितं. म्हणून 'शिकवते' दिसताच वाचक समजतो की बाई स्वतः बोलत आहेत.

भूतकाळात मात्र हा आधार सुटतो. '२००९ साली एका संस्थेत रुजू झाले' हे वाक्य 'मी' गाळून सुटं वाचलं तर कुणी पुरुष रुजू झाले असं वाटतं, कारण बाईंचं 'मी झाले' आणि आदरार्थी 'ते झाले' यांचं क्रियापद एकच आहे. पुरुषांची इथे सोय आहे. 'रुजू झालो' म्हटलं की तो स्वतःच बोलतो आहे हे कळतं. 'पदवी घेतली', 'संस्था स्थापन केली' यांत तर क्रियापद बोलणाऱ्याचा काहीच पत्ता देत नाही. म्हणून स्त्रीच्या परिचयात भूतकाळातल्या वाक्यांत 'मी' जपून ठेवावा आणि चालू कामाच्या वाक्यांत तो मोकळेपणाने गाळावा. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात एकदा 'मी' आला की पुढची दोन-तीन वाक्यं त्याच्या आधारावर उभी राहतात.

इथे एक गोष्ट जाता जाता. कोल्हापूरकडच्या बायका बोलताना सर्रास 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. बोलण्यात त्याची मजा आहे, पण लेखी परिचय वाचणारा कोल्हापूरचाच असेल असं नाही, तेव्हा तिथे 'करते'च ठेवावं. आणि ज्यांना आपलं लिंग क्रियापदातून दाखवायचंच नाही, त्यांच्यासाठीही मराठीत वाट आहे. 'मी नकाशे काढले', 'मला या कामाचा अनुभव आहे', 'माझं काम जुन्या वाड्यांचं' अशा वाक्यांत बोलणारा पुरुष की स्त्री हे उघड होत नाही. फक्त वर्तमानकाळातली 'करतो-करते' आणि भूतकाळातली 'झालो-झाले' टाळावी लागतात.

व्याकरण झालं की विशेषणांकडे वळावं. 'सुप्रसिद्ध', 'नामांकित', 'यशस्वीरीत्या', 'योगदान' हे चारही शब्द सूत्रसंचालकाचे आहेत आणि चारही जावेत. 'गौरविण्यात आले' ही रचना तर खास व्यासपीठाची. तिच्यात गौरव करणारा नाहीसा होतो आणि गौरव तेवढा उरतो. स्वतः सांगताना पुरस्कार 'मिळतो'. तोही व्यक्तीला मिळाला म्हणण्यापेक्षा कामाला मिळाला म्हटलं तर वाक्य हलकं होतं, आणि कोणतं काम ते सांगावं लागत असल्यामुळे माहितीही वाढते. 'राज्यस्तरीय पुरस्कार' म्हणजे कोणाचा, कोणत्या वर्षी, कोणत्या वास्तूसाठी? सूत्रसंचालकाला हे विचारायला कुणी उठत नाही. परिचय वाचणाऱ्याला मात्र पुरस्काराचं नाव शोधून पाहायला वेळ लागत नाही. नाव, वर्ष आणि वास्तू देता येत नसेल तर तो पुरस्कार या पानावर नसलेला बरा.

विशेषणं काढताना आपली माणसं उलट्या टोकालाही जातात. 'सुप्रसिद्ध' खोडून 'या क्षेत्रातली एक छोटीशी विद्यार्थिनी' लिहितात, 'जतनाच्या कार्यात खारीचा वाटा उचलण्याचा अल्पसा प्रयत्न' लिहितात. ही नम्रताही भाषणातलीच आहे, फक्त आभारप्रदर्शनाची. ज्याच्या वाड्याचं छप्पर गळतं आहे त्याला विद्यार्थिनी नको असते. त्याला असं काम पूर्वी केलेली बाई हवी असते. गाळलेल्या विशेषणाच्या जागी कामातली एखादी खरी गोष्ट ठेवावी. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, आतल्या आत माती खाते. म्हणून अशा भिंतींना चुना वापरतात. हे एक वाक्य परिचयात आलं की बाईंना आपलं काम कळतं हे वाचकाला 'सुप्रसिद्ध'पेक्षा लवकर पटतं.

आता आकडे. हा भाग सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त वेळ देण्याजोगा. 'त्यांनी चाळीसहून अधिक वास्तूंवर काम केले आहे' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी असतं तेव्हा ते मोघम असूनही खपून जातं. 'मी चाळीसहून अधिक वास्तूंवर काम केलं आहे' म्हटलं की तो दावा होतो आणि दाव्यामागे प्रश्न येतो: म्हणजे नेमकं काय केलं? समजा आमच्या या बाईंनी कागदपत्रं काढून बसून हिशेब केला. चाळीसपैकी बारा वाडे त्यांच्या संस्थेने पायापासून छपरापर्यंत दुरुस्त केले. काही ठिकाणी त्यांनी फक्त मोजमापं घेऊन नकाशे काढले, काही ठिकाणी पाहणी करून अहवाल दिला. काही वास्तू पहिल्या नोकरीतल्या, जिथे त्या हाताखाली काम करत होत्या. चाळीस हा आकडा खोटा नाही. पण 'मी'च्या तोंडी तो फोडून सांगावा लागतो. फोडल्यावर बारा हा लहान आकडा जास्त वजनदार ठरतो, कारण वाचकाला हवं असलेलं काम त्या बारांतच आहे.

या हिशेबातूनच 'मी' की 'आम्ही' हेही ठरतं. एकट्याने चालवलेल्या व्यवसायात उगाच 'आम्ही' लिहिलं की कार्यालय मोठं असल्याचा आव येतो आणि पहिल्या फोनला तो उघडा पडतो. पण वाडा एकटा वास्तुविशारद दुरुस्त करत नाही. गवंडी, सुतार आणि नकाशे काढणारे लोक असतात, आणि त्या कामाला 'मी केलं' म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. तेव्हा शिक्षण, निर्णय, पाहणी यांना 'मी', आणि प्रत्यक्ष दुरुस्तीला 'आम्ही'. हा 'आम्ही' कोण ते एकदा सांगून टाकावं, म्हणजे पुढे शंका उरत नाही.

'पंधरा वर्षांहून अधिक' या आकड्याची अडचण वेगळी आहे. तो लिहिल्या दिवसापासून जुना होऊ लागतो. व्यासपीठावरचा परिचय त्या संध्याकाळपुरता असतो. वेबसाइटवरचा मजकूर वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहत नाही आणि बाई कायमच्या पंधरा वर्षांच्या अनुभवी राहतात. '२००९ पासून' किंवा '२०१४ पासून स्वतंत्रपणे' असं लिहिलं की वजाबाकी वाचक करतो.

काही व्यवसायांत मात्र लिहिणाऱ्याला एवढीही मोकळीक नसते. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने बंदी आहे. २००८ साली त्यात दुरुस्ती होऊन वेबसाइटवर नाव, संपर्क, नोंदणी, पात्रता आणि कोणत्या प्रकारचं काम करतो एवढी ठरावीक माहिती द्यायला परवानगी मिळाली. अशा परिचयात 'मी अनेक खटले जिंकले आहेत' हे वाक्य शैलीने वाईट आहेच, पण त्याहून गंभीर म्हणजे ते नियमाबाहेरचं आहे. सनदी लेखापाल आणि डॉक्टर यांच्यावरही त्यांच्या संस्थांच्या आचारनियमांची बंधनं आहेत. वास्तुविशारद हे बिरुद १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येतं आणि त्यांच्या जाहिरातीवरही मर्यादा आहेत. 'त्या'चा 'मी' करताना मजकुराचा सूर माहितीकडून विनवणीकडे सहज घसरतो, म्हणून परवान्याचे व्यवसाय करणाऱ्यांनी बदललेला मजकूर एकदा आपल्या आचारनियमांशेजारी ठेवून वाचावा.

खुणा पुसून झाल्या की लक्षात येतं की मूळ परिचयात काही गोष्टी नव्हत्याच. सभेतल्या श्रोत्याला बाईंकडून काम करून घ्यायचं नव्हतं. त्यामुळे त्या आज काय काम घेतात, काय घेत नाहीत, पहिल्या भेटीत काय होतं, यातलं काहीच तिथे नाही. उलट 'प्रवासाची व वाचनाची आवड' आहे, जी जवळजवळ प्रत्येक परिचयात असते आणि म्हणून कुणाविषयीच काही सांगत नाही. ती सरळ वगळावी. महाविद्यालयात शिकवणंही इथे दुय्यम आहे. जागा उरली तर ठेवावं. आणखी एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे नाव. तिसऱ्या पुरुषातला परिचय नावानेच सुरू होतो. 'मी'त आणताना पहिलं वाक्य बदलतं आणि अख्ख्या पानावर बाईंचं नावच उरत नाही. ते पहिल्या ओळीत परत आणावं. त्याच्या आधीची 'सौ.', 'श्रीमती' ही उपपदं मात्र सोडून द्यावीत. ती दुसऱ्याने लावायची असतात.

हे सगळं करून झाल्यावर तोच परिचय असा दिसतो:

'मी अमुक अमुक, वास्तुविशारद. जुने वाडे दुरुस्त करणं हे माझं काम. सातारा, वाई आणि नाशिक भागात २०१४ पासून ते स्वतंत्रपणे करते आहे. त्याआधी पाच वर्षं मी जतनाचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. जुन्या वास्तूची मोजमापं घेऊन नकाशे काढायला तिथे शिकले. शिक्षण पुण्यात आणि नंतर अहमदाबादला झालं.

आजवर चाळीसहून अधिक वास्तूंशी संबंध आला. त्यांपैकी बारा वाडे आमच्या संस्थेने पायापासून छपरापर्यंत दुरुस्त केले. बाकीच्या ठिकाणी पाहणी केली, नकाशे काढले किंवा अहवाल दिले. संस्थेत मी, नकाशे काढणारी एक सहकारी आणि चुन्याचं काम जाणणारे तीन गवंडी आहेत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते, म्हणून आम्ही चुनाच वापरतो. वाईतल्या एका वाड्याच्या अशा कामाला २०१९ साली अमुक संस्थेचा अमुक पुरस्कार मिळाला.

नवीन बांधकामं मी घेत नाही. वाडा दाखवायचा असेल तर फोन करा. पहिल्या भेटीत छपराची गळती आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं बघते, कारण तुळई सहसा तिथूनच कुजते. दुरुस्ती करण्याजोगी आहे की नाही ते त्याच भेटीत सांगते.'

यात 'मी' चारच वेळा आला आहे. 'संस्थेत होते' या भूतकाळी वाक्यात तो मुद्दाम ठेवला. तिथे गाळला असता तर कोण होते हा प्रश्न पडला असता. 'शिकले' त्याच्याच आधाराने उभं आहे. मजकूर मूळपेक्षा बराच वाढला आहे आणि तरी वाचायला छोटा वाटतो, कारण त्यातलं एकही वाक्य टाळ्यांसाठी थांबत नाही. 'केले' ठेवायचं की 'केलं' हा प्रश्न आवडीचा आहे. 'मी'च्या तोंडी अनुस्वाराची बोली रूपं अधिक नैसर्गिक वाटतात, पण एकदा जे घेतलं तेच शेवटपर्यंत हवं. पहिल्या परिच्छेदात 'झालं' आणि तिसऱ्यात 'झाले' असलं की अर्धा मजकूर जुन्या परिचयातून उचलला आहे हे लगेच दिसतं.

तपासण्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज लागते. तयार मजकूर स्वतः मोठ्याने वाचून फारसं कळत नाही, कारण आपल्याला तो पाठ झालेला असतो. ज्याला आपल्या व्यवसायाची फार माहिती नाही अशा ओळखीच्या माणसाला तो फोनवर वाचून दाखवावा आणि मग विचारावं, मी काय काम करते? त्याने 'वाड्यांची दुरुस्ती, चुन्याने, सातारा-नाशिककडे' असं सांगितलं तर काम झालं. 'तुला बरेच पुरस्कार मिळालेले दिसतात' असं उत्तर आलं तर सूत्रसंचालक अजून कुठेतरी शिल्लक आहे.

जुना, 'त्या'चा परिचय फेकून मात्र देऊ नका. संयोजक आणि संपादक तो मागणारच. 'मी'चा परिचय दिलात तर ते घाईघाईत तो उलटा फिरवतील आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका उलट्या दिशेने करतील. दोन्ही मजकूर एकाच फाइलमध्ये, वर तारीख घालून ठेवा आणि एकात वर्ष किंवा आकडा बदलला की लगेच दुसऱ्यातही बदला.